पार्सल राज्याबाहेर जाणार का? ऑनलाइन विक्रेत्यासाठी जीएसटीचा पहिला प्रश्न

घरगुती मसाले, कपडे, दागिने किंवा खेळणी एखाद्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकायचे ठरवले की बहुतेकांच्या मनात पहिला हिशेब येतो तो चाळीस लाखांचा. वर्षाची उलाढाल तेवढी होईपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, असे सगळीकडे ऐकलेले असते आणि दुकानातून गावातच माल विकणाऱ्यासाठी ते महाराष्ट्रात खरेही आहे. ऑनलाइन विक्रीत मात्र हा आकडा एका अटीवरच लागू होतो. तुमचा माल राज्याची हद्द ओलांडणार नसेल, तरच ही मर्यादा तुमच्या कामाची. म्हणून छोट्या विक्रेत्याने उलाढालीचा अंदाज बांधण्याआधी आपली पार्सले कुठल्या पत्त्यांवर जाणार आहेत ते ठरवावे, असे माझे म्हणणे आहे. नोंदणी कोणती घ्यायची, टीसीएस कापला जाणार की नाही, कापलेले पैसे परत कसे मिळवायचे, ही पुढची सगळी उत्तरे त्या एका निर्णयातून निघतात. तो निर्णय न घेता धंदा सुरू केला, तर चूक लक्षात येते ती नोटीस आल्यावर किंवा बाजारपेठेने खाते थांबवल्यावर.

कायद्याची मांडणी समजून घेतली की हे स्पष्ट होते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २२ मध्ये उलाढालीची मर्यादा आहे. फक्त वस्तू विकणाऱ्यांना १ एप्रिल २०१९ पासून अधिसूचनेने ती वाढवून चाळीस लाख मिळाली. सेवा देणाऱ्यांसाठी ती वीस लाखच राहिली. पण त्यापुढच्या कलम २४ मध्ये काही लोकांना उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली आहे. त्यातल्या दोन गटांत ऑनलाइन विक्रेता सापडतो. पहिला गट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकणाऱ्यांचा. दुसरा गट, ज्या बाजारपेठेला कलम ५२ खाली टीसीएस कापावा लागतो, तिच्यामार्फत विकणाऱ्यांचा. जीएसटी आल्यापासून २०२३ पर्यंत हा दुसरा गट सरसकट होता. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला बाजारपेठेमार्फत एक वस्तू विकली तरी नोंदणी लागायची, आणि तोच माल दुकानाच्या गल्ल्यावर विकला तर लागत नसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अधिसूचना ३४/२०२३ ने ही सक्ती सैल केली. ज्याची एकूण उलाढाल मर्यादेच्या आत आहे, तो आता नोंदणीशिवाय बाजारपेठेवर वस्तू विकू शकतो. मात्र ही सवलत सशर्त आहे, आणि तिच्या अटींमध्येच या लेखाचा मुद्दा दडलेला आहे.

त्यातली सर्वांत महत्त्वाची अट अशी की, त्या व्यक्तीने राज्याबाहेर मालाची कोणतीही विक्री करता कामा नये. यातला ‘कोणतीही’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा. बाजारपेठेवरची विक्री राज्याबाहेर गेली नाही एवढे पुरत नाही. बाजारपेठेवर फक्त महाराष्ट्रातल्या ऑर्डर घ्यायच्या आणि इन्स्टाग्रामवर आलेली एखादी ऑर्डर स्वतः कुरिअरने बेळगावला पाठवायची, असे केले तरी अट मोडते आणि सवलत जाते. वस्तूंच्या बाबतीत विक्री कुठली समजायची हे साधारणपणे माल शेवटी कुठे पोहोचतो त्यावर ठरते. विक्रेत्याच्या मनातल्या अंतरावर नाही. सावंतवाडीच्या विक्रेत्याला पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळची, कोल्हापूरकराला निपाणी घरच्यासारखे, पण कायद्याच्या दृष्टीने ती पार्सले परराज्यातली. उलट सावंतवाडीहून गोंदियाला गेलेले पार्सल अख्खा महाराष्ट्र ओलांडूनही राज्यांतर्गतच राहते. सीमेलगतच्या जिल्ह्यांतल्या विक्रेत्यांनी म्हणूनच हा प्रश्न अधिक काळजीने सोडवावा, कारण त्यांचे नैसर्गिक गिऱ्हाईक बऱ्याचदा हद्दीपलीकडे असते.

बाजारपेठेला बगल देऊन फक्त स्वतःच्या समाजमाध्यम पानावरून विकले आणि पैसे थेट आपल्या खात्यात घेतले, तर यातून सुटका होते का? अर्धवट होते. पैसे मधल्या कुणी गोळा केले नाहीत, तर टीसीएसचा प्रश्न येत नाही आणि बाजारपेठेसाठीची वेगळी अटही लागत नाही. राज्यातल्या राज्यात विकलेत तर चाळीस लाखांपर्यंत तुम्ही नोंदणीबाहेर राहू शकता. पण आंतरराज्य विक्रीचा नियम तसाच उभा असतो, कारण तो ऑनलाइन-ऑफलाइन असा भेद करत नाही. अधिसूचित हस्तकला वस्तूंना या आंतरराज्य नियमातून मर्यादेपर्यंत सूट आहे, पण ती थेट विक्रीच्या उपयोगाची. बाजारपेठेमार्फत विकताना वर सांगितलेली राज्याबाहेर न विकण्याची अट हस्तकलेलाही चुकत नाही. पूर्णपणे मोकळा असतो तो फक्त करमुक्त वस्तू विकणारा. पापडावर जीएसटी नाही. कुणी केवळ पापडच विकत असेल, तर कलम २३ नुसार त्याला नोंदणी लागत नाही. मात्र त्याच घरातून पापडाबरोबर लोणचे किंवा मसाला विकला जाऊ लागला की ‘केवळ’ हा शब्द गळून पडतो. शिवाय उलाढाल मोजताना पापडाची विक्रीही धरली जाते, कारण एकूण उलाढाल म्हणजे एका पॅनवर देशभर झालेली करपात्र आणि करमुक्त अशी सगळी विक्री, दुकानातलीसुद्धा.

आता पत्त्यांचा निर्णय झाला असे धरले, तर पुढे तीन वाटा आहेत. फक्त आपल्या राज्यात विकायचे असेल आणि उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तर पहिली वाट एनरोलमेंट नंबरची. ही नोंदणी नव्हे. gst.gov.in या पोर्टलवर पॅन, धंद्याचा पत्ता आणि राज्य जाहीर करायचे, पॅनची पडताळणी झाली की एक क्रमांक मिळतो, तो बाजारपेठेला द्यायचा. एका राज्यात एकच क्रमांक मिळतो, एकाहून अधिक राज्यांत बाजारपेठेमार्फत विकता येत नाही, आणि क्रमांक हाती येण्याआधी एकही विक्री करायची नसते. अशा विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, विवरणपत्र भरायचे नाही, आणि बाजारपेठही त्याच्या विक्रीवर टीसीएस कापत नाही. पुढे कधी नियमित नोंदणी घेतली, तर नोंदणी लागू होण्याच्या तारखेपासून हा क्रमांक आपोआप निकामी होतो. बाजारपेठेवरही जबाबदारी आहे. क्रमांक नसलेल्याला विकू दिले किंवा क्रमांकधारकाचा माल राज्याबाहेर जाऊ दिला, तर तिला दहा हजार रुपये किंवा संबंधित कर यांपैकी जास्त असेल तेवढा दंड होतो. म्हणूनच असे विक्रेते घ्यायचे की नाही, हे प्रत्येक बाजारपेठ स्वतः ठरवते. तुम्हाला हव्या त्या मंचावर ही सोय आहे का, हे माल भरण्याआधी विचारून घ्यावे.

दुसरी वाट कंपोझिशनची. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी किंवा उत्पादक विक्रीवर एक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेत नाही, आणि खरेदीवरच्या कराची वजावट मागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत कंपोझिशनवाल्याला टीसीएस कापणाऱ्या बाजारपेठेवर विकताच येत नव्हते. आता वस्तू विकता येतात, पण फक्त राज्यातल्या राज्यात. त्याच्या विक्रीवर टीसीएस कापला जातो आणि तो तिमाहीचा कर भरताना वापरता येतो. ही वाट मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांचे दुकान आधीच चाळीस लाखांच्या पुढे गेले आहे आणि ऑनलाइन विक्री ही जोडधंद्यासारखी आहे. तिसरी वाट नियमित नोंदणीची. माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर हीच एक वाट उरते. मग वर्षाची विक्री पन्नास हजारांची असो की पन्नास लाखांची.

या तिसऱ्या वाटेला लोक सर्वांत जास्त घाबरतात. म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, सांगलीत एक गृहिणी हळद पावडर आणि मसाले बनवून बाजारपेठेवर विकते. या मालावर जीएसटी पाच टक्के. एका महिन्यात तिने कर वगळून एक लाखाचा माल विकला. त्यातला साठ हजारांचा महाराष्ट्रात आणि चाळीस हजारांचा इतर राज्यांत. त्याच महिन्यात महाराष्ट्रातून चार हजारांचा आणि बाहेरून सहा हजारांचा माल परत आला. म्हणजे निव्वळ विक्री राज्यात छप्पन्न हजार, बाहेर चौतीस हजार, मिळून नव्वद हजार. त्यावर कर होतो राज्यातल्या विक्रीवर सीजीएसटी १,४०० आणि एसजीएसटी १,४००, बाहेरच्या विक्रीवर आयजीएसटी १,७००. एकूण ४,५०० रुपये. आता खरेदीची बाजू. बाजारपेठेने कमिशन आणि पाठवणीपोटी वीस हजार आकारले, त्यावर अठरा टक्क्यांनी ३,६०० रुपये कर. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून चाळीस हजारांचा कच्चा माल, त्यावर पाच टक्क्यांनी २,००० रुपये. तीन हजारांच्या प्लास्टिकच्या पाकिटांवर अठरा टक्क्यांनी ५४० रुपये. हा सगळा कर, म्हणजे ६,१४० रुपये, तिला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळतो. भरायचा कर ४,५००, वजावट ६,१४०. रोखीने भरायचे काहीच नाही, आणि १,६४० रुपयांचे क्रेडिट पुढच्या महिन्यात जाते.

हेच दुसऱ्या बाजूने तपासून पाहू, कारण नोंदणी टाळण्यात फायदा आहे ही समजूत इथेच पारखली जाते. समजा तिने एनरोलमेंट नंबर घेऊन फक्त महाराष्ट्रात विकायचे ठरवले. गिऱ्हाईक पाकिटावरची किंमत पाहते, त्यात कर आहे की नाही हे पाहत नाही. म्हणून किंमत तीच राहिली असे धरू. छप्पन्न हजार अधिक कराचे २,८०० रुपये, असे ५८,८०० रुपये तिला मिळतील आणि सरकारला काही द्यावे लागणार नाही. पण राज्यातल्या विक्रीच्या वाट्याचे कमिशन, कच्चा माल आणि पाकिटे यांवर तिने सुमारे ३,६८० रुपये कर दिलेला असेल, आणि तो परत मिळणार नाही. नोंदणी असती तरी या विक्रीवर तिला रोखीने काही भरावे लागले नसते, उलट जवळपास ८८० रुपयांचे क्रेडिट शिल्लक राहिले असते. म्हणजे नोंदणी टाळून कराचा एक रुपयाही वाचला नाही, फक्त राज्याबाहेरचे चौतीस हजारांचे गिऱ्हाईक गेले. असे होते कारण विकायचा माल पाच टक्क्यांचा आणि बाजारपेठेची सेवा अठरा टक्क्यांची आहे. माल कमी दराचा आणि कमिशन मोठे, तिथे हे चित्र बहुधा असेच दिसते. विकायचा माल अठरा टक्क्यांचा असेल आणि त्यात स्वतःची मेहनत जास्त व विकत घेतलेला माल कमी असेल, तर हिशेब उलटतो. छप्पन्न हजारांवर दहा हजारांहून अधिक कर आणि वजावट त्यामानाने तुटपुंजी. अशा विक्रेत्याचे गिऱ्हाईक राज्यातच असेल, तर एनरोलमेंट नंबर त्याच्यासाठी खरोखर फायद्याचा आहे. प्रत्येकाने आपल्या मालाचा दर आणि एका महिन्याची बिले घेऊन हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

आता टीसीएस. अनेक विक्रेते याला बाजारपेठेचा आणखी एक आकार समजतात आणि कमिशनच्या रांगेत बसवून विसरून जातात. ही समजूत नुकसानीची आहे. बाजारपेठ गिऱ्हाइकाकडून पैसे गोळा करते आणि तुम्हाला देण्याआधी करपात्र निव्वळ विक्रीवर ठरावीक टक्का कापून तो तुमच्या नावाने सरकारजमा करते. ही वसुली १ ऑक्टोबर २०१८ पासून एक टक्क्याने सुरू झाली आणि १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. राज्यातल्या विक्रीवर पाव टक्का सीजीएसटी आणि पाव टक्का एसजीएसटी, बाहेरच्या विक्रीवर अर्धा टक्का आयजीएसटी. ती कर वगळलेल्या किमतीवर आणि परत आलेला माल वजा करून मोजली जाते. करमुक्त मालावर ती नसते. सांगलीच्या उदाहरणात ती १४०, १४० आणि १७० अशी होते, एकूण ४५० रुपये. हे पैसे तिचेच आहेत. प्राप्तिकराची जी वेगळी कपात बाजारपेठ करते, जिचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला, तिच्याशी याचा संबंध नाही. ती प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायची, ही जीएसटीत.

मात्र हे पैसे आपोआप तुमच्या हाती पडत नाहीत. बाजारपेठ पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत जीएसटीआर-८ हे विवरण भरते. त्यानंतर तुमच्या जीएसटी खात्यात रिटर्न्सच्या विभागात `TDS and TCS Credit Received` या नावाखाली बाजारपेठेनुसार रक्कम दिसते. ती उघडून आपल्या विक्रीशी ताडायची, बरोबर असेल तर स्वीकारायची, चुकीची असेल तर नाकारायची, आणि ते पान सादर करायचे. मगच रक्कम इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये येते. नाकारलेली रक्कम बाजारपेठेला पुढच्या विवरणात दुरुस्त करावी लागते. कॅश लेजरमधले पैसे कर, व्याज किंवा विलंब शुल्क भरायला वापरता येतात. ज्यांची वजावटच करापेक्षा जास्त आहे, त्यांच्या लेजरमध्ये टीसीएस साठत जातो. त्यांनी आरएफडी-०१ हा अर्ज करून जादा शिल्लक परत मागावी. सांगलीच्या उदाहरणात ही रक्कम वर्षाला पाच हजारांच्या आसपास जाते. ती ना बाजारपेठ सांगून देते, ना विभाग आपणहून खात्यात टाकतो.

टीसीएसचे दुसरे काम पैशांपेक्षा मोठे आहे. या कपातीमुळे तुमच्या प्रत्येक महिन्याच्या विक्रीचा आकडा बाजारपेठेच्या विवरणातून विभागाकडे आधीच पोहोचलेला असतो. तुम्ही जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेली विक्री त्याच्याशी जुळली नाही, तर विचारणा होते. इथे सर्वांत जास्त घडणारी चूक अशी की, विक्रेता बँकेत जमा झालेली रक्कम हीच विक्री समजून विवरणपत्र भरतो. सांगलीच्या उदाहरणात गिऱ्हाइकांनी करासह दिले ९४,५०० रुपये. त्यातून कमिशन व पाठवणी करासह २३,६०० आणि टीसीएस ४५० रुपये गेले. प्राप्तिकराची किरकोळ कपात बाजूला ठेवली, तर बँकेत येतात ७०,४५० रुपये. हा आकडा विक्री म्हणून भरला, तर बाजारपेठेने कळवलेल्या नव्वद हजारांशी जवळपास वीस हजारांचा फरक पडतो. विक्री लपवली असे ते दिसते, जरी लपवण्याचा हेतू नसला तरी. म्हणून विवरणपत्र बँकेच्या पासबुकावरून न भरता बाजारपेठ दरमहा देते त्या विक्रीच्या कर-अहवालावरून भरावे. त्यात राज्यवार विक्री, परतावा आणि कर वेगवेगळा असतो. आंतरराज्य किरकोळ विक्री जीएसटीआर-१ मध्ये राज्यानुसार दाखवायची असते, आणि शिवाय तक्ता १४ मध्ये कोणत्या बाजारपेठेमार्फत किती विक्री झाली, तेही तिच्या टीसीएससाठीच्या जीएसटी क्रमांकासह द्यायचे असते. या तक्त्यातून कर वाढत नाही. तीच विक्री मंचानुसार सांगायची एवढेच. एका महिन्यात विकलेला माल पुढच्या महिन्यात परत आला, तर तो त्या पुढच्या महिन्यात क्रेडिट नोटने वजा करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात.

या सगळ्यावर रास्त आक्षेप असा येतो की, महिन्याला वीस-तीस हजारांची विक्री करणाऱ्याने इतका हिशेब ठेवायचा, विवरणपत्रे भरायची, सल्लागाराची फी द्यायची, हे ओझे मिळकतीच्या मानाने फार आहे. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ज्याचे गिऱ्हाईक राज्यातच आहे त्याने पहिली वाट टाळू नये. पण बाहेर विकणाऱ्याचे ओझेही वाटते तेवढे राहिलेले नाही. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला तिमाही विवरणपत्रांची योजना निवडता येते, म्हणजे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी वर्षाला चार-चार वेळा. मधल्या दोन महिन्यांत कर देणे असेल, तरच पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत भरायचा. काहीच विक्री नसेल तर शून्य विवरण एसएमएसनेही भरता येते. ते मात्र चुकवू नये. विक्री नाही म्हणून विवरण नाही, असे समजून सोडले तर दररोज वीस रुपये विलंब शुल्क चढते, विक्री असेल तर पन्नास, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत; आणि सलग न भरल्यास नोंदणी रद्द होण्यापर्यंत जाते. धंदा थांबवायचा असेल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा आणि शेवटचे विवरण भरून बाहेर पडावे.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. शेजारचा दुकानदार एकोणचाळीस लाखांपर्यंत मोकळा, आणि ऑनलाइन विक्रेत्याला पहिल्याच परराज्यातल्या पार्सलवर नोंदणी, हा भेदभाव नाही का? २०२३ पर्यंत राज्यातल्या राज्यातही असा भेद होता आणि तो चुकीचाच होता. तो आता गेला. उरलेला नियम ऑनलाइन विक्रेत्यासाठी खास केलेला नाही. दुकानदारानेही निपाणीला माल पाठवला तर त्यालाही तो लागतो. त्यामागचे कारण असे की, जीएसटीत कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. सांगलीच्या हळदीवरचा कर बंगळुरूच्या गिऱ्हाइकामुळे कर्नाटकाला जायचा, तर तो आयजीएसटी म्हणून नोंदवणारा कुणीतरी हिशेबात असावा लागतो. तरीही अगदी छोट्या विक्रेत्याला आंतरराज्य विक्रीतही एक लहान मर्यादा द्यावी, ही मागणी मला योग्य वाटते. कारण टीसीएसमुळे त्याच्या विक्रीची राज्यवार माहिती विभागाकडे पोहोचवणारी व्यवस्था आधीच उभी आहे. सेवा देणाऱ्यांना अशी सवलत २०१७ पासूनच आहे. ते वीस लाखांपर्यंत राज्याबाहेरही नोंदणीशिवाय सेवा देऊ शकतात. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांसाठी सोप्या नोंदणीच्या योजनेला तत्त्वतः मान्यता दिली आहे. पण तत्त्वतः मान्यता म्हणजे अंमल नव्हे. अधिसूचना निघेपर्यंत आजचा नियम पाळूनच धंदा करायचा आहे.

तिसरा विचार अनेकांच्या मनात असतो, तो म्हणजे आधी विकून पाहू, चालले तर नोंदणी करू. बाजारपेठेवर हे सहसा शक्य होत नाही, कारण ती क्रमांक मागतेच. समाजमाध्यमांवरून विकणाऱ्याला ते शक्य होते, आणि तिथेच ते महागात पडते. नोंदणीची जबाबदारी आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. तो केला तर जबाबदारी आली त्याच्या आदल्या दिवशी हाती असलेल्या मालावरच्या कराचे क्रेडिटही मिळते. उशीर झाला तर मधल्या विक्रीवरचा कर व्याजासह स्वतःच्या खिशातून जातो, कारण गिऱ्हाइकाकडून तो घेतलेलाच नसतो. त्या काळातल्या खरेदीचे क्रेडिट मिळणे अवघड होते, आणि दहा हजार रुपये किंवा बुडालेला कर यांपैकी जास्त तेवढा दंड होऊ शकतो. पाच टक्क्यांच्या मालावर जे वजावटीने सहज भागले असते, तेच उशिराने पूर्ण रकमेने भरावे लागते.

नोंदणीचा अर्ज जीएसटी आरईजी-०१ पोर्टलवर विनाशुल्क भरता येतो. पॅन, आधार, फोटो, धंद्याच्या जागेचे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती, आणि जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर भाडेकरार किंवा संमतिपत्र, एवढी कागदपत्रे पुरतात. राहते घर हे धंद्याचे ठिकाण म्हणून देता येते. आधार पडताळणी झाली आणि शंका निघाली नाही, तर सात कामाच्या दिवसांत मंजुरी येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून नियम १४अ खाली आणखी एक सोय आहे. नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत असेल, तर हा पर्याय निवडता येतो आणि आधार पडताळणीनंतर तीन कामाच्या दिवसांत नोंदणी मिळते. थेट घरगुती ग्राहकांना विकणाऱ्यांना ती नेमकी लागू पडते. नोंदणी मिळाल्यावर तीस दिवसांच्या आत, किंवा पहिला जीएसटीआर-१ भरण्याआधी, जे आधी येईल तेव्हा बँक खाते जोडायचे असते. हे राहून गेले की नोंदणी निलंबित होते आणि बाजारपेठेवरची विक्री अचानक थांबते.

शेवटची सावधगिरी गोदामाची. बाजारपेठेच्या गोदामात माल ठेवला की लवकर पोच होते, म्हणून अनेक जण ती सेवा घेतात. भिवंडीच्या गोदामात ठेवलात तर ते आपल्या नोंदणीत जादा ठिकाण म्हणून जोडले की पुरते. पण बंगळुरूच्या गोदामात माल गेला, की कर्नाटकातही तुमचे धंद्याचे ठिकाण झाले. तिथे वेगळी नोंदणी, वेगळी विवरणपत्रे, आणि सांगलीहून तिथे पाठवलेल्या स्वतःच्याच मालावर विक्रीसारखा कर लागतो. छोट्या विक्रेत्याने म्हणूनच बाजारपेठेच्या पानावर गोदामांची यादी दिसली की सगळ्यांवर टिचकी मारू नये. सुरुवातीला आपल्या राज्यातलेच गोदाम निवडावे किंवा माल घरूनच पाठवावा.

खाते उघडण्याआधी क्रम असा ठेवावा. माल राज्याबाहेर पाठवायचा का, हे ठरवा. उत्तर ‘नाही’ असेल, तर उलाढाल मोजा आणि एनरोलमेंट नंबर की कंपोझिशन ते निवडा, आणि बाजारपेठेच्या डिलिव्हरी सेटिंगमध्ये फक्त आपले राज्य ठेवा. उत्तर ‘हो’ असेल, तर उलाढालीचा विचार सोडून नियमित नोंदणी घ्या आणि पहिल्या दिवसापासून कमिशनची व खरेदीची करबिले आपल्या जीएसटी क्रमांकावर मागा, म्हणजे वजावट बुडणार नाही. उत्तर ‘अजून ठरले नाही’ असे असेल, तर ते ‘हो’ समजूनच हिशेब करा. बाजारपेठेवर आपला माल दिसू लागला की ऑर्डर कुठून येईल हे आपल्या हाती राहत नाही, आणि नागपूरची ऑर्डर घ्यायची पण रायपूरची नाकारायची, हे फार काळ कुणाला परवडत नाही.